निबंधातले ल-ळ आणि श-ष-स : दुरुस्तीला सुरुवात कुठून करावी?

पाटीपेन्सिल

एका विद्यार्थिनीचा मुलींच्या शिक्षणावरचा दीर्घ निबंध तपासायला आला आहे. साधारण तीन हजार शब्द. मांडणी चांगली आहे, मुद्दे तिचे स्वतःचे आहेत, पण ल-ळ आणि श-ष-स यांची पार सरमिसळ झाली आहे. एक परिच्छेद जसाच्या तसा देतो:

"त्या कालात मुळींच्या शाला फार कमी होत्या. मुली घरकाम करत, त्यामुले त्यांचे सिक्षण मागे पडळे. समाजशुधारकांनी विशेश कश्ट घेतळे व हलूहलू परिष्थिती बदळली. आजकाळ सगल्या मुली सिकतात, परंतु केवल सिक्षण मिलून संघर्श संपळा असे निष्चित म्हणता येत नाही."

एवढ्याशा मजकुरात बावीस शब्द चुकले आहेत. सगळ्यांवर लाल पेन फिरवलं तर पान लाल होईल आणि पुढच्या निबंधात याच चुका परत येतील. निबंध तिनेच दुरुस्त करायला हवा आणि तो दोन-तीन आठवड्यांत नीट व्हायला हवा. कोणत्या क्रमाने हात घालावा?

रानवारा

मोठ्याने वाचायला लावा. ळ जिभेला लगेच कळतो. कान तयार झाला की लेखणी सुधारते.

उंबरठा

रानवारा, कानात मुळात ळ असेल तर ना! आगरी-कोळी बोलीत डोळ्याचा 'डोला' होतो, वऱ्हाडीत 'डोया' होतो. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांना हा आवाज शाळेतच पहिल्यांदा भेटतो. तिने 'शाला' लिहून 'शाला'च वाचलं तर चूक ऐकू येणार कशी?

सोपं_सूत्र

यात अवघड काही नाही. शब्द संस्कृत असेल तर ल, मराठी असेल तर ळ. फल-फळ, काल-काळ, जल-जळ, मूल-मूळ. एवढं सांगितलं की निम्म्या चुका गेल्या.

खडूफळा

सूत्र अर्धं बरोबर आहे, पण उरलेलं अर्धं फार महागात पडेल. तेल, गाल, मोल, भला, आणि 'आज नव्हे, काल' मधला काल हे सगळे अस्सल मराठी शब्द आहेत आणि सगळ्यांत ल आहे. तुमच्या सूत्राने मुलगी 'तेळ' लिहील.

खरं कारण असं की संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत येताना ळ झाला. फल चं फळ, मूल चं मूळ, नील चं निळा. जिथे प्राकृतात ल चं द्वित्त होतं तिथे मराठीत ल टिकला. तैल चं आधी तेल्ल, मग तेल. मूल्य चं मुल्ल, मग मोल. कल्य चं कल्ल, मग काल. हा इतिहास मुलीला सांगायची गरज नाही, पण शिकवणाऱ्याला ठाऊक हवा, म्हणजे चुकीचं सूत्र हातून दिलं जात नाही. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांतही सहसा ल च असतो: बदल, माल, सवाल.

आता परिच्छेदाकडे वळतो. बावीसपैकी तेरा चुका ल-ळ च्या आहेत आणि त्या तेरा एका जातीच्या नाहीत.

सात ठिकाणी ळ हवा तिथे ल आहे: कालात, शाला, त्यामुले, हलूहलू, सगल्या, केवल, मिलून.

तीन ठिकाणी शब्दाच्या मुळात ल आहे, तिथे ळ घुसवला आहे: मुळींच्या, बदळली, आजकाळ.

उरलेल्या तीन जागी क्रियापदाचा प्रत्यय बिघडला आहे: पडळे, घेतळे, संपळा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटावरून एक गोष्ट दिसते. या मुलीला कोणीतरी "ळ लिही, ळ लिही" असं बजावलं आहे आणि ती आता अंदाजाने ळ पेरते आहे. म्हणून "ळ कडे लक्ष दे" हे वाक्य तिला पुन्हा ऐकवू नका. त्याने दुसरा आणि तिसरा गट वाढेल. आधी ळ कुठे येतच नाही ते पक्कं करा.

पाटीपेन्सिल

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सगळ्या चुका एकाच रंगाने खुणावल्या होत्या. ळ कुठे येत नाही हे जरा सविस्तर सांगाल का?

खडूफळा

शब्दाच्या सुरुवातीला ळ येत नाही. ळ चं द्वित्त होत नाही, म्हणून गल्ली, मल्ल, हल्ला यांत शंकाच नको. जोडाक्षरात ळ दुसरा नसतो: अम्ल, शुक्ल, क्लेश. पहिला मात्र असतो, सगळ्या आणि डोळ्यात यांमध्ये आहे तसा.

पण तिच्या निबंधाला सर्वांत उपयोगी पडेल ती प्रत्ययांची गोष्ट. भूतकाळाचा ला-ली-ले, 'लेला', भविष्यकाळाचा 'ईल' आणि 'एल', विभक्तीचा 'ला', तसंच घरातला, गावातली, पुढील, खालील यांतला शेवटचा ल. हे सगळे प्रत्यय कायम ल चेच. धातूत ळ असला तरी प्रत्ययात तो जात नाही.

'मिळाला' हा एक शब्द फळ्यावर मोठा लिहा आणि मध्ये रेघ ओढा: मिळा | ला. रेघेच्या डावीकडे धातू, तिथे ळ. उजवीकडे प्रत्यय, तिथे ल. मग कळ | ले, पळा | ला, टाळ | ली, शाळे | ला, वेळे | ला. आता 'पडळे' ला रेघ मारायला सांगा. पड | ळे. उजवीकडे ळ दिसला की तिची तिलाच चूक सापडते, शब्दकोश उघडावा लागत नाही. निबंध कथनाच्या अंगाने जात असेल तर जवळजवळ प्रत्येक वाक्यात असा प्रत्यय येतो, त्यामुळे पहिला फेरा फक्त या रेघेचा ठेवा. बाकी काहीही दिसलं तरी तेव्हा हात लावायचा नाही.

सोपं_सूत्र

तेल-मोलचं पटलं. पण प्रत्यय कायम ल चे हे तरी कुठे खरं आहे? झोपाळू, मायाळू, रसाळ, खडकाळ? आणि 'मुळे', 'जवळ'?

खडूफळा

आक्षेप बरोबर आहे, माझं वाक्य सैल होतं. 'आळू' आणि 'आळ' नवा शब्द घडवतात, तिथे ळ येतो. मी म्हणतोय ते क्रियापदाच्या रूपाचे आणि विभक्तीचे प्रत्यय. 'मुळे' आणि 'जवळ' ही शब्दयोगी अव्ययं आहेत. ती दोन तिला तशीच पाठ करू द्या, कारण निबंधात 'मुळे' पावलोपावली येतो. 'मुलांमुळे' हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे. एकाच शब्दात मूल ल चं, मुळे ळ चं. ते उलटं झालं की 'मुळांमुले', आणि अर्थ झाडाच्या मुळांकडे जातो.

चंद्रकोर

माझ्याकडेही असाच त्रास आहे. माझ्या संगणकावर ल हिंदीसारखा दिसतो, पाकळीचा ल येत नाही, आणि श ही देठाचा दिसत नाही. विद्यार्थिनीला आधी चांगला मराठी फाँट द्यावा असं सुचवते.

टंकशाळा

चंद्रकोर ताई, तो प्रश्न वेगळा. तुम्ही म्हणता ते एकाच अक्षराचं वळण आहे. संगणकासाठी दोन्ही वळणांचा ल एकच, `U+0932`. ळ हे निराळं अक्षर आहे, `U+0933`. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की पाकळीचा ल आपोआप येतो, तेवढं करून पाहा. फाँट बदलल्याने 'शाला' ची 'शाळा' मात्र होणार नाही.

पाटीपेन्सिल, निबंध हाताने लिहिलेला आहे की टंकलेला? टंकलेला असेल तर एक शक्यता आधी तपासा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर `n` ने ल येतो आणि `Shift`+`n` ने ळ. `m` ने स, `Shift`+`m` ने श. शिफ्ट निसटली की शाळा ची 'साला' होते. ही बोटाची चूक आहे, भाषेची नव्हे.

पाटीपेन्सिल

टंकलेला आहे. बोटाची चूक आणि समजुतीची चूक वेगळी कशी ओळखायची?

टंकशाळा

एकच शब्द निबंधभर कसा लिहिला आहे ते बघा. 'शिक्षण' चाळीस वेळा आला असेल आणि त्यातला दोनदाच 'सिक्षण' असेल तर बोट घसरलं. चाळीसही वेळा 'सिक्षण' असेल तर तिला तो शब्द तसाच माहीत आहे. निम्मा-निम्मा असेल तर ती अंदाजाने लिहिते आहे, आणि ते शब्द शिकवण्यात सर्वाधिक फायदा आहे.

मोजायला निबंध साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवा आणि लिनक्सवर ही ओळ चालवा:

```
grep -oE '[^ ]*(ल|ळ)[^ ]*' nibandh.txt | LC_ALL=C sort | LC_ALL=C uniq -c | sort -rn
```

ल किंवा ळ असलेला प्रत्येक शब्द किती वेळा आला ते उतरत्या क्रमाने मिळतं. कंसात `श|ष|स` घातलं की दुसरी यादी तयार. पूर्णविराम शब्दाला चिकटून राहतो, म्हणून 'झाला' आणि 'झाला.' वेगळे मोजले जातात. तेवढं डोळ्यांनी जुळवून घ्या.

रानवारा

मग 'सर्व बदला' करून एका दमात का उरकत नाही? काल शोधा, काळ घाला.

टंकशाळा

तेच करू नका! 'काल' च्या जागी 'काळ' घातलं की निकाल चा 'निकाळ' होतो, कालखंड चा 'काळखंड', आजकाल चा 'आजकाळ'. 'दल' चं 'दळ' केलं की बदल चा 'बदळ'. बदलायचंच असेल तर पूर्ण रूप घ्या: 'त्यामुले' चं 'त्यामुळे', 'सगल्या' चं 'सगळ्या'. या रूपांना दुसरा अर्थच नाही, म्हणून धोका नाही. वेल-वेळ, आली-आळी, मूल-मूळ, गाल-गाळ, ओल-ओळ असल्या जोड्या मात्र एकेक करून वाक्यात बघायच्या. शुद्धलेखन तपासनीसही तिथे गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरे असतात.

उंबरठा

काल-काळ चा गुंता इथेच सोडवायला हवा, नाहीतर ती कालखंड ला 'काळखंड' करून आणेल. शब्द एकटा किंवा शेवटी आला की बहुधा काळ: त्या काळात, भूतकाळ, संध्याकाळ, दुष्काळ. संस्कृत समासात पुढे आला की काल: कालखंड, कालावधी, कालबाह्य, कालांतराने. तसंच शाळा पण शालेय, मूळ पण मूलभूत, फळ पण फलित, स्थळ पण स्थलांतर, बळ पण बलवान. या जोड्या शेजारी शेजारी लिहिल्या की मुलांना घाट कळतो. आजकाल मधला काल मात्र 'आज आणि काल' मधला, त्याचा काळाशी संबंध नाही.

माजघर

काळवेळ आणि काळरात्र यांत काळ पुढे आहे की.

उंबरठा

हो, म्हणूनच 'बहुधा' म्हटलं. तत्काल-तत्काळ, प्रबल-प्रबळ, निष्फल-निष्फळ हे दोन्ही प्रकारे लिहिलेले सापडतात. तिथे गुण कापू नयेत. एक रूप निवडून निबंधभर तेच ठेवायला सांगावं.

पाटीपेन्सिल

ल-ळ ची वाट दिसली. आता श-ष-स. तिथे नऊ शब्द आहेत: सिक्षण दोनदा, सिकतात, समाजशुधारक, विशेश, कश्ट, परिष्थिती, संघर्श, निष्चित.

सोपं_सूत्र

इथे नक्की सूत्र आहे. इ, उ, ए, ओ नंतर स चा ष होतो. विषय, पुरुष, दोष, द्वेष, पोषण.

खडूफळा

संस्कृत व्याकरणात त्याला आधार आहे, पण विद्यार्थिनीला ते सूत्र दिलंत तर ती 'परिषर', 'अनुषार', 'प्रतिषाद' लिहील. परिसर, अनुसार, प्रतिसाद, विसर्ग, विस्मय या सगळ्यांत इ-उ नंतर स तसाच राहिला आहे. ते सूत्र लिहिलेलं समजावून घ्यायला चांगलं, लिहिताना आधार म्हणून कच्चं.

श आणि स कानाला वेगळे लागतात. श आणि ष मात्र आजच्या मराठीत बहुतेकांच्या तोंडी एकच आहेत. म्हणून ष साठी कान विसरा आणि पुढचं अक्षर बघा. जोडाक्षर असेल तर त्रास जवळजवळ संपतो. पुढे च-छ आला की श: निश्चित, पश्चिम, आश्चर्य. पुढे ट-ठ-ण आला की ष: कष्ट, स्पष्ट, श्रेष्ठ, निष्ठा, उष्ण. पुढे त-थ आला की स: विस्तार, अवस्था, परिस्थिती. जीभ जिथे टेकते तिथलाच ऊष्म वर्ण तिथे येतो. च म्हणून पाहा, ट म्हणून पाहा, जीभ मागे सरकते. तुमच्या नऊपैकी कश्ट, परिष्थिती आणि निष्चित हे तीन या एकाच गोष्टीने सुटतात.

इंग्रजी शब्दांना ट चा नियम लावू नका. पोस्ट, स्टेशन, मास्टर यांत स च.

माजघर

आणि पुढे क किंवा प असेल तर? नमस्कार आणि आविष्कार यांत मी नेहमी अडते.

खडूफळा

तिथे मागचा स्वर बघायचा. मागे अ असेल तर स: नमस्कार, पुरस्कार, तिरस्कार, वनस्पती. मागे इ किंवा उ असेल तर ष: आविष्कार, बहिष्कार, निष्कर्ष, निष्पाप, दुष्काळ, दुष्परिणाम. निःस्पृह सारखे थोडे शब्द याबाहेर आहेत, कारण तिथला स मुळातच 'स्पृहा' चा आहे.

रानवारा

संघर्ष चं काय? र् नंतर ष, असं शिकवतात ना? वर्ष, हर्ष, आकर्षण.

खडूफळा

शिकवतात, आणि मग मुलं 'दर्षन', 'आदर्ष', 'स्पर्ष' लिहितात. र् नंतर संस्कृत शब्दात स जवळपास नसतो, पण श आणि ष दोन्ही असतात. दर्शन, आदर्श, स्पर्श, परामर्श हे श चे. ऋ नंतरही तेच: कृषी, ऋषी, तृषा यांत ष, दृश्य, सदृश, कृश यांत श. इथे घराण्याने शिकवावं. दर्शन, दृश्य, प्रदर्शन, मार्गदर्शक हे एक घर. वर्ष, वर्षाव, वार्षिक हे दुसरं.

त्यातही एक गंमत आहे, मुलांना ती फार आवडते. श च्या घरातला शब्दसुद्धा पुढे ट आला की ष घेतो. नाश पण नष्ट. दर्शन पण दृष्टी. प्रवेश पण प्रविष्ट. निर्देश पण निर्दिष्ट. क्लेश पण क्लिष्ट. ट चा नियम घराण्यापेक्षा बळकट आहे, म्हणून तो आधी शिकवावा आणि घराणी नंतर.

उंबरठा

सिकतात आणि सिक्षण बद्दल: मराठमोळ्या शब्दात इ किंवा ए च्या आधी बहुधा श असतो. शिकणे, शिवणे, शिंग, शेत, शेजारी. सेवा, सीमा, सिद्ध, सिंह हे संस्कृत, ते स चे राहतात. शिक्षण संस्कृत असूनही श चं आहे, पण 'शिकणे' शी जोडलं की दोन्ही एकदम पक्के होतात. 'सुधारक' मध्ये मात्र उलटी चूक आहे. स चा श करायची सवय तिने नको तिथे नेली, ल-ळ मध्ये झालं तसंच. 'सुधारणे' आठवलं की पुरे.

स चा श होतो ती दुसरी जागा म्हणजे असा-अशी-अशा, कसा-कशी-कशा, पैसा-पैशाने, घसा-घशात, ससा-सशाला. 'पैसाने' दिसलं तर ती सामान्यरूपाची चूक आहे.

माजघर

विशेष सारखे शब्द? एकाच शब्दात दोन प्रकार.

उंबरठा

ते पाठच करायचे, पण क्रम लक्षात ठेवून. विशेष, शेष, शीर्षक, शोषण यांत आधी श, मग ष. शासन आणि शिफारस यांत आधी श, मग स. उलटा क्रम निबंधात क्वचितच लागतो. सुरुवातीला ष असलेले शब्द मोजके, बरेचसे सहाचे: षटकोन, षष्ठी. फारसी शब्दांत ष नाही, म्हणून 'पोषाख' नव्हे, पोशाख.

माजघर

शब्दकोश की शब्दकोष? वेश की वेष?

खडूफळा

दोन्ही रूढ आहेत. मी कोश आणि वेश लिहितो.

सोपं_सूत्र

मी कोष च लिहीन. जुन्या पुस्तकांत भरपूर दिसतो.

पाटीपेन्सिल

तर मूळ प्रश्नाकडे येतो. क्रम असा ठरवतो आहे. पहिल्या फेऱ्यात फक्त प्रत्ययांची रेघ. दुसऱ्यात टंकशाळांच्या यादीतले सर्वांत जास्त वेळा चुकलेले वीस शब्द, ते तिने वहीत लिहायचे आणि निबंधात शोधायचे. तिसऱ्यात काळ-कालखंड सारख्या जोड्या. चौथ्यात श-ष-स ची जोडाक्षरं, पाचव्यात उरलेले सुटे शब्द. मी समासात फक्त चुकांची संख्या लिहीन, शब्द ती शोधेल.

उंबरठा

संख्या ओळीपुढे लिहा, परिच्छेदापुढे नको. दहा ओळींत सात चुका शोधताना ती बरोबर असलेले शब्दही बदलायला लागेल. पेरायची सवय आहे म्हणालात ना.

टंकशाळा

आणि प्रत्येक फेऱ्यानंतर ती ओळ पुन्हा चालवा. मागच्या फेऱ्यात बरोबर असलेला एखादा शब्द आता बिघडलेला दिसला तर त्या फेऱ्याचा नियम तिने जास्त ताणला आहे. पुढे जाण्याआधी तोच शब्द घेऊन बसा.

पाटीपेन्सिल

पहिला फेरा आज झाला. तेरापैकी पडळे, घेतळे, संपळा हे तीन तिने रेघ मारून स्वतः शोधले. 'बदळली' ला तिने बद | ळली अशी रेघ मारली. धातू बदल आहे हे तिला माहीत नव्हतं.

खडूफळा

मग रेघेआधी एक पायरी घाला. क्रियापदाला 'णे' लावून म्हणायचं: पडणे, घेणे, मिळणे, बदलणे. 'णे' काढला की उरतो तो धातू, आणि रेघ त्याच्या पुढे. मिळाला मध्ये ळ च्या पुढे आ लागतो, तो रेघेच्या डावीकडेच राहू द्या. 'बदळणे' की 'बदलणे' हे तिला सांगता आलं नाही तर तो शब्द वीसच्या यादीत टाका.